तपासकथा आणि घरकथा यांचा मेळ

कोकणातल्या गावोगावच्या उत्सवांत हौशी मंडळी जी नाटके उभी करतात, त्यांत अलीकडे फौजदाराचे पात्र वरचेवर येऊ लागले आहे. पूर्वी तो विनोदापुरता येई. आता तपासासाठी येतो. पहिल्या अंकात घरातले कोणीतरी मरते, फौजदार टोपी काखेत धरून प्रवेश करतो, आणि प्रेक्षक सरसावून बसतात. परंतु दुसऱ्या अंकात सासूसुनांचा, भावाभावांचा कलह रंगू लागला की फौजदार ओटीवर चहा पीत बसून राहतो. आणि तिसऱ्या अंकात कोणीतरी छाती पिटून ‘मीच तो पापी’ असे म्हणतो, फौजदार बेड्या काढतो व पडदा पडतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात हे खरे. पण घरी जाताना त्यांच्या मनास काहीतरी फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि ते का, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

लेखक जेव्हा तपासकथा आरंभतो तेव्हा तो वाचकास न बोलता एक वचन देत असतो. ते असे की, येथे जे काही कळेल ते रीतसर वाटेने कळेल. पंचनामा, जबाब, मुद्देमाल, वैद्यकीय अहवाल, पायपीट, यांतून एकेक गोष्ट हाती येईल. पोलिसांच्या हातांना कायद्याने जे बांध घातले आहेत ते लेखकही पाळील. आणि अखेरीस ‘काय घडले’ या प्रश्नाचे उत्तर मिळेल. गुन्हेगारास शिक्षा होईलच असे हे वचन नाही. उत्तर मिळेल, एवढेच ते आहे.

घरकथेचे वचन अगदी निराळे आहे. तेथे वाचकास सांगितलेले असते की, ही माणसे कथानकाच्या सोयीसाठी वागणार नाहीत. जो तो जे करील ते जुन्या नात्यातून, जुन्या मायेतून वा जुन्या डंखातून उगवलेले असेल. आणि सत्य कळल्यावरही त्यांना त्याच छपराखाली, त्याच चुलीपाशी दिवस काढावयाचे आहेत याचा विसर पडणार नाही. तपास हा घटनेपासून मागे मागे जातो. संसार घटनेपासून पुढे पुढे जातो. दोन्ही प्रवास एकाच गाडीतून करावयाचे, अशी ही अडचण आहे.

या अडचणीतून सुटण्याचा एकच मार्ग मला दिसतो. कथेतील जी वस्तू किंवा जी घटना तपासाच्या दप्तरात पुरावा म्हणून नोंदली जाईल, तीच घराच्या दप्तरात जखम म्हणून नोंदली गेली पाहिजे. अर्धी पाने पोलिसांची आणि अर्धी पाने कुटुंबाची अशी वाटणी करून भागत नाही. ते दोन भावांच्या वाटपासारखे होते. मध्ये गडगा उभा राहतो.

हे प्रत्यक्षात कसे साधते, त्याचे उदाहरण म्हणून ‘दृश्यम्’ हा चित्रपट घेऊ. मूळ चित्रपट मल्याळम भाषेतला, जीतू जोसेफ यांनी २०१३ साली केलेला. २०१५ साली निशिकांत कामत या आपल्या मराठी दिग्दर्शकाने तो हिंदीत आणला आणि कथा गोव्यात बसवली. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण रहस्य सांगितल्यावाचून त्याची बांधणी सांगता येणार नाही.

विजय साळगावकर नावाचा चौथी नापास गृहस्थ लहानशा गावी केबलचा धंदा करतो. बायको आणि दोन मुली, असा संसार. थोरल्या मुलीचे चोरून चित्रण करून तिला धमकावणारा एक तरुण २ ऑक्टोबरच्या रात्री घराच्या मागील बाजूस येतो, आणि झटापटीत मुलीच्या हातून मारला जातो. आई व मुलगी त्याला खतासाठी खणलेल्या खड्ड्यात पुरतात. हा तरुण गोव्याच्या पोलीस महानिरीक्षक बाईंचा एकुलता एक मुलगा असतो. म्हणजे तपास करणारी अधिकारी हीच हरवलेल्या मुलाची आई.

आता विजय काय करतो पाहा. तो नंतरच्या दिवसांत सर्वांना घेऊन पणजीस जातो. प्रवचन, खानावळ, हॉटेल, चित्रपट, बसचा प्रवास, सर्व काही खरोखर करतो. पुढे त्याच माणसांना पुन्हा भेटून, बोलता बोलता त्यांच्या मनात ‘ते लोक आपल्याकडे २ आणि ३ तारखेस आले होते’ असे ठसवतो. साक्षीदाराला प्रसंग आठवतो पण तारीख आठवत नाही, हा तपासकामातला नित्याचा अनुभव आहे, आणि सारे कथानक त्या एका खुंटीवर टांगलेले आहे. चित्रपटाचे कौतुक असे की अधिकारी बाई हे कोडे विचाराने सोडवतात. त्यांना कोणी येऊन सांगत नाही. तिकिटे खरी आहेत, साक्षीदार प्रामाणिक आहेत, खोटी आहे ती केवळ तारीख, हे त्या ओळखतात. तपासकथेचे वचन येथे पाळले गेले.

परंतु याच तिकिटांकडे घराच्या बाजूने पाहा. एरवी पैशापैशाचा हिशेब करणारा बाप मुलींना पणजीची सहल घडवतो, चांगले खाऊ घालतो. आणि त्या सहलीच्या प्रत्येक घासाबरोबर धाकटीला खोटे बोलावयास शिकवत असतो. पोलिसांच्या लेखी ती तिकिटे म्हणजे आरोपी दुसरीकडे असल्याचा पुरावा. त्या लहान मुलीच्या लेखी तो तिच्या बाळपणाचा शेवट. एकच कागद, दोन्ही दप्तरांत. म्हणूनच पुढे पोलीस त्या पोरीला दरडावून, मारून बोलते करतात आणि ती खड्डा दाखवते, तेव्हा प्रेक्षकाचा श्वास दोन कारणांनी अडकतो: पुरावा सापडेल काय, आणि या मुलीला जन्मभर ‘मी बाबांना धरून दिले’ असे वाटत राहील काय. खड्ड्यात निघतो तो कुत्र्याचा सांगाडा. बापाने प्रेत केव्हाच हलवलेले असते, व ते कोठे, हे प्रेक्षकास अगदी शेवटी कळते: नव्याने बांधल्या जात असलेल्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली.

या चित्रपटात एक जागा मला सैल वाटते. स्वतःच्या मुलाच्या प्रकरणाचा तपास त्याच्या आईने चालवावा, हे प्रत्यक्षात सहजी होऊ देत नाहीत, आणि होऊ दिले तर सारा खटला त्या एका मुद्द्यावर डळमळतो. शिवाय स्त्रियांना आणि लहान मुलांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यावर बोलावता येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यावा असा कायदा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १६० होते, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १७९ आहे. चित्रपट हा नियम मोडतो. पण तो मोडला जात आहे हे चित्रपटास ठाऊक आहे, मारहाणीचा बोभाटा होतो, आणि बाईंना नोकरी सोडावी लागते. नियम पात्राने मोडला तर कथा होते, लेखकाने मोडला तर नुसती चूक होते.

अखेरचा प्रसंग तर वकिलानेही अभ्यासावा असा आहे. नोकरी सोडलेल्या बाई आणि त्यांचे यजमान विजयला भेटून विनवतात की, आमचा मुलगा परत येईल की नाही एवढे तरी सांग. विजय आडवळणाने सांगतो, क्षमा मागतो, पण कोणाचे नाव घेत नाही, काय केले हे उच्चारत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा ठरत नाही. परंतु बाई आता अधिकारी राहिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्यापुढे तो स्पष्ट बोलता तर ते त्याच्यावर उलटू शकले असते. म्हणजे ते आडवळण तपासाच्या बाजूने सावधपणा आहे, आणि घराच्या बाजूने एका बापाने दुसऱ्या बापाला जितके देता येईल तितके देणे आहे. आईबापांना उत्तर मिळाले, सरकारी दप्तराला मिळाले नाही, प्रेक्षकास सर्व मिळाले.

याच्या उलट बांधणीही होऊ शकते. तेथे घर तपासाच्या समोर उभे नसते, तपास करणाऱ्याच्या आतच असते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ काढला. त्यातला फौजदार अनंत वेलणकर याला पुढे शिकावयाचे होते. पोलिसातून निवृत्त झालेल्या बापाने त्याला जबरदस्तीने पोलिसात घातले. हा बाप घरात आईवर हात टाकणारा. अनंत लहानपणी ते पाहत उभा राहिलेला आहे. पुढे वरिष्ठांनी व पुढाऱ्यांनी त्याचे हात बांधले, अपमान साचत गेले, आणि एका किरकोळ चोरीच्या संशयिताला त्याने कोठडीत इतके मारले की तो मेला. पोलिसी बाजूने हा कोठडीतील मृत्यू, ज्याची चौकशी टळत नाही. घरच्या बाजूने तो बापाचाच हात आहे, एक पिढी पुढे आलेला. चित्रपट त्या दोहोंपैकी कशालाही दुसऱ्याची सबब होऊ देत नाही. बाप असा होता म्हणून मुलाला सोडा, असे तो म्हणत नाही. अखेरीस त्या गुंड पुढाऱ्याला ठार करून अनंत स्वतः ठाण्यात हजर होतो.

आता आपल्या बाजूच्या मातीत अशी कथा रुजवावयाची तर कशी बांधावी, ते एक कल्पित प्रकरण घेऊन पाहू. येथून जयगडची खाडी जवळ, म्हणून खाडीच घेतो.

दोन भाऊ. कलमांच्या बागेच्या वाटणीवरून दावा चालू आहे. थोरल्याने धाकट्यास ‘माझा उंबरठा चढू नकोस’ असे बजावलेले आहे. धाकटा खाडीपलीकडे राहतो. एका सकाळी ओहोटीच्या वेळी त्याचे प्रेत चिखलात सापडते. गावचा पोलीस पाटील ठाण्यास कळवतो, कारण १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने ते त्याचे कामच आहे. तो या दोघांचा लांबचा चुलता लागतो. आणि खेड्यातला पोलीस पाटील कोणाचा ना कोणाचा चुलता लागावयाचाच, तेव्हा शहरातल्या लेखकाला जी गाठ मुद्दाम घालावी लागते ती आपल्याकडे आधीच पडलेली असते. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. शेजारपाजारच्या दोन प्रतिष्ठित इसमांसमक्ष प्रेताचा पंचनामा होतो. त्यात एक ओळ लिहिली जाते: मयताच्या उजव्या पायात मागे पट्टा असलेली चामडी वहाण, पायापेक्षा दोन बोटे मोठी; डावा पाय अनवाणी.

ही ओळ हे आपल्या कथेचे बी. फौजदार थोरल्याचा जबाब घेतो. थोरला सांगतो, ‘दोन वर्षांत तो माझ्या दारी आलेला नाही.’ परंतु वहाण थोरल्याच्या मापाची आहे, आणि घराच्या गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळीत धाकट्याच्या स्वतःच्या चपला सापडतात. म्हणजे तो आला होता. थोरला खोटे बोलला. येथवर सरळ तपास आहे. वाचक थोरल्यास खुनी समजू लागतो, आणि समजू द्यावे.

पुढे फौजदार वहिनीचा जबाब घ्यावयास जातो. कायदा त्याला तिच्या घरी पाठवतो, हे लेखकाचे मोठेच भाग्य. माजघरात, भाताला आधण आलेले असताना, नवरा ओटीवर कान देऊन बसलेला असताना हा जबाब होतो. लेखक हा प्रसंग ठाण्याच्या टेबलाशी घडवील तर कायदाही मोडेल आणि नाट्यही घालवील. आता फौजदाराने काय विचारावे? ‘नवरा तुम्हांला काय म्हणाला?’ हे विचारून उपयोग नाही. संसारात पतीने पत्नीला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून तिला कोर्टात सांगता येत नाही. पण हे संरक्षण बोलण्याला आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला नाही. म्हणून जाणता फौजदार विचारतो, ‘वहिनी, तुम्ही काय पाहिलेत? आणि तुम्ही स्वतः काय केलेत?’

या एका प्रश्नाने घर उघडते. धाकटा रात्री आला होता. ओटीखाली चपला काढून हाका मारीत राहिला. थोरला बाहेर आला नाही. हाका थांबेनात तेव्हा रागाने आला, त्या चपला उचलून अंधारात भिरकावल्या आणि दार लावून घेतले. वहिनीने मागील दाराने जाऊन, पोर अनवाणी कसा जाईल म्हणून, नवऱ्याच्या वहाणा त्याच्या पायांत घातल्या, पट्टे स्वतः लावले. तो धक्क्याकडे आपली होडी सोडावयास गेला.

हे ऐकून थोरला ओटीवरून उठून येतो आणि म्हणतो, ‘मीच त्याला मारले.’

श्रोतेहो, आमची उत्सवी नाटके संपतात ती नेमकी येथे. पण येथे संपवणे म्हणजे दोन्ही वचने एकदम मोडणे. फौजदारापुढे काढलेला हा उद्गार कोर्टात कबुली म्हणून चालणार नाही, हे एक. आणि तो मुळात खराच नाही, हे दुसरे. त्याने भावास मारलेले नाही. तरी घरात त्या दिवशी बोलल्या गेलेल्या वाक्यांत त्याच्याइतके खरे दुसरे वाक्य नाही. फौजदार ते ऐकतो, बोलत नाही, आणि पुढच्या ओहोटीची वेळ विचारून धक्क्यावर जातो.

ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असते. दोन दगडांच्या फटीत डावी वहाण रुतलेली, पट्टा तुटलेला. वरच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्याचा लांब ओरखडा. शवविच्छेदनात मृत्यू बुडून झालेला, श्वासनलिकेत खाडीचा गाळ, मारहाणीची खूण नाही. मोठ्या मापाची वहाण अंधारात फटीत अडकली, तोल गेला, आणि पट्टा घट्ट असल्यामुळे पाय सुटला नाही. ‘काय घडले’ याचे उत्तर पूर्ण मिळाले. कोणाही विरुद्ध गुन्हा नाही, असा अहवाल उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो.

घराची गोष्ट मात्र आता कोठे सुरू होते. चपला फेकल्या नसत्या तर, हे थोरल्याच्या मनात. वहाणा दिल्या नसत्या तर, पट्टा जरा सैल लावला असता तर, हे वहिनीच्या मनात. फौजदाराने दोघांनाही निर्दोष ठरवले आहे, आणि त्याचा दोघांनाही काडीइतका उपयोग नाही. ती नवऱ्याला चपलांबद्दल बोलली, तर तो तिला वहाणांबद्दल बोलू शकतो. म्हणून दोघेही बोलत नाहीत. असे घर मी एकाहून अधिक पाहिले आहे, अर्थात कारणे निराळी होती.

येथे पुष्कळ लेखक एक चूक करतात. तपास संपला, आता फौजदाराचे काम उरले नाही, असे समजून ते त्याला परत पाठवतात आणि शेवटची पाने निव्वळ घरात घालवतात. तसे केल्याने कथा मध्येच जात बदलते. तपासाच्या कारभारात अजून एक पायरी शिल्लक आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. जप्त केलेला मुद्देमाल प्रकरण निकाली निघाल्यावर, हुकूम झाल्यानंतर, ज्याचा त्याला परत द्यावा लागतो. तेव्हा काही महिन्यांनी थोरल्यास ठाण्यावरून निरोप येतो. धाकट्याच्या चपला त्याच्या बायकोला केव्हाच पोचत्या झालेल्या असतात. कारकून कपाटातून कागदी चिठ्ठी बांधलेली पुडी काढतो, सोडून दाखवतो: चामडी वहाणांचा एक जोड, पैकी डाव्या पायाचा पट्टा तुटलेला. रजिस्टर पुढे सरकवतो आणि बोटाने जागा दाखवतो. थोरला ‘माझी वस्तू मला मिळाली’ या ओळीखाली सही करतो, पुडी काखेत घेतो, आणि गाडीच्या थांब्याकडे चालू लागतो. घरी वहिनीने भात वाढून ठेवलेला असतो.